‘देखूत’ म्हणजे ठराव नव्हे

*“ताई, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत संचालकांच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम पहिल्यांदाच माझ्यावर आलंय. आधी काय तयारी करू, सभेत काय टिपू आणि नंतर लिहू कसं?”*

तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या पहिल्या सभेपासूनच सांगते.

अमळनेर तालुक्यातल्या एका कंपनीत मी तेव्हा हिशेब लिहायचे. सप्टेंबरातली सभा गोदामातच होती, नऊपैकी सहा संचालक हजर होते. मी टेबलफॅनजवळची खुर्ची पकडली, हीच पहिली चूक. पंख्याच्या घरघरीत अध्यक्षांचं निम्मं बोलणं ऐकूच येईना, त्यात वहीची पानं फडफडत होती. तरी मी भराभरा लिहीत होते. अण्णा काय म्हणाले, त्यावर नाना काय म्हणाले, चहा कधी आला, सगळं. विषय मका खरेदीसाठी वजनकाटा घेण्याचा होता. अर्धा तास चर्चा झाली. घरी येऊन दीड पान चर्चा उतरवली आणि शेवटी एक ओळ लिहिली : ‘इलेक्ट्रॉनिक वजनकाटा खरेदी करण्याचे सर्वानुमते ठरले.’

काटा आला तो १०० किलोचा. सभेतल्या बहुतेकांच्या डोक्यात ३०० किलोचा होता, कारण एका वेळी तीन-चार पोती ठेवायची होती. ऐन हंगामात एकेक पोतं मोजताना ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली. पुढच्या सभेत प्रत्येक जण म्हणे, “मी तर मोठाच सांगितला होता.” माझ्या दीड पानात सगळ्यांची वाक्यं होती, पण किती किलोचा काटा ठरला ते कुठेच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते सभेतही नीट ठरलं नव्हतं. लिहिणाऱ्याला हे सभा चालू असतानाच कळायला हवं होतं.

म्हणून आता माझी तयारी ठरावापासून उलटी सुरू होते. विषयपत्रिका हातात आली की प्रत्येक विषयाला कच्च्या वहीचं एक पान देते. पानाच्या वर चर्चेसाठी जागा आणि खाली एक चौकट. चौकटीत आधीच लिहून ठेवते : काय, किती, किती रुपयांपर्यंत, कोण करणार, कधीपर्यंत. काट्याच्या विषयाला यात क्षमता, कोणतं दरपत्रक, कर धरून की सोडून आणि वजनमाप खात्याच्या पडताळणीचा खर्च कोणाकडे, हेही आलं असतं. दरपत्रकं आधी मागून वाचली असती तर हे प्रश्न मला सभेआधीच सुचले असते. मागच्या सभेचं इतिवृत्त, संचालकांची यादी आणि हजेरीपत्रक एका फायलीत ठेवायचं, एवढंच बाकी. एक गोष्ट मात्र अध्यक्षांशी आधीच बोलून घ्या : “अण्णा, प्रत्येक विषय संपला की मी ठराव वाचून दाखवेन, मग पुढच्या विषयाला हात घालू.” हे आधी ठरलेलं नसलं तर भर सभेत नवख्या माणसाची मध्ये बोलायची हिंमत होत नाही.

बसायचं अध्यक्षांच्या शेजारी. सुरुवातीला वेळ आणि हजेरी टिपायची आणि कोरम मोजायचा. उत्पादक कंपनीत एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, पण किमान तीन हजर लागतात. कोणी मध्येच उठून बस गाठायला गेलं तर किती वाजता आणि कोणत्या विषयावर गेलं ते लगेच लिहा. नंतर आठवत नाही, आणि पुढच्या ठरावाला तो माणूस हजर होता की नव्हता यावरून वाद होतात.

आता ऐकण्याचं. आपल्याकडे सभा अहिराणीत रंगते आणि इतिवृत्त छापील मराठीत लागतं. त्या दोन्हींमध्ये निर्णय हरवतो. कोणी म्हणतं ‘देखूत’, कोणी म्हणतं ‘व्हई जाई’, आणि माना हलतात. ‘देखूत’ म्हणजे पाहू. तो निर्णय नाही, विषय पुढे ढकलला इतकंच. ‘व्हई जाई’ हा भरवसा आहे, त्यात कोण करणार ते नाही. एखाद्याने ठासून ‘करी टाका’ म्हटलं तरी ते एकाचं मत. असा शब्द कानावर आला की मी चौकटीकडे बघते. एकही रकाना रिकामा असला तर हळूच विचारते, “अण्णा, ३०० किलोचाच ना? आणि रक्कम कर धरून लिहू?” याचा राग येत नाही कोणाला. उलट बऱ्याचदा त्या प्रश्नावर चर्चा पुन्हा सुरू होते, म्हणजे ठरलेलं नव्हतंच.

चर्चेतलं मात्र थोडंच टिपा. निर्णयाला आधार झालेली कारणं पुरतात, जसं ‘एका वेळी जास्त पोती मोजता यावीत म्हणून’. कोण तावातावाने बोललं ते नको. दोन बाबतीत नाव लिहावंच लागतं. एक, ठरावाला कोणी विरोध केला तर. दुसरी आमच्याकडे खरंच घडली. एक दरपत्रक संचालक नानांच्या मुलाच्या दुकानाचं होतं. नानांनी ते स्वतःहून सांगितलं आणि त्या विषयापुरते ते बाहेर जाऊन बसले. त्यांनी सांगितलं, ते बाहेर गेले, चर्चेत व मतदानात नव्हते, हे सगळं लिहिलं. तेवढ्या विषयापुरतं नानांना कोरममध्येही धरलं नाही.

लिहायला त्याच संध्याकाळी बसा. दोन दिवस गेले की आपण ऐकलेलं न लिहिता आपल्याला पटलेलं लिहितो. तोच काट्याचा ठराव आज मी असा लिहीन :

‘ठराव क्र. ४ : मका खरेदीसाठी ३०० किलो क्षमतेचा एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा दरपत्रक ‘ब’ प्रमाणे, कर व पडताळणी खर्चासह रु. ३०,००० पर्यंत खरेदी करावा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी १० ऑक्टोबरपूर्वी खरेदी पूर्ण करून पुढील सभेत अहवाल द्यावा. ठराव सर्वानुमते मंजूर.’

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. पाहा, त्या सभेला न आलेल्या माणसालाही यावरून बिल तपासता येतं. ‘योग्य तो काटा’, ‘लवकरात लवकर’ असे शब्द कच्च्यात आले असतील तर तिथेच थांबा आणि अध्यक्षांना फोन करा. स्वतःच्या मनाने आकडा घालू नका.

मसुदा आधी अध्यक्षांना दाखवायचा, मग पक्क्या बुकात उतरवायचा. कंपनीच्या कायद्याप्रमाणे सभेपासून ३० दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी. पानांना सलग क्रमांक, प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही, शेवटच्या पानावर सहीसोबत तारीख. छापलेला कागद बुकात चिकटवायचा नाही. सही झाल्यावर चूक सापडली तर खाडाखोड करू नका. पुढच्या सभेत ती मांडा आणि दुरुस्ती त्या सभेच्या इतिवृत्तात घ्या.

कच्ची वही मात्र पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंत फेकू नका. आमच्या नानांनी एकदा विचारलं होतं, “मी त्या विषयाला आत होतो का बाहेर?” वहीत ४.१० ची वेळ होती.