तुळस मधोमध हवी की कुठंही चालेल?

फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मी गणित शिकवते. अकरावीच्या वर्गाला इंडक्शन शिकवून झालं होतं. विधान सगळ्यात लहान आकड्यासाठी तपासायचं, मग k साठी खरं धरून त्यावरून पुढच्यासाठी सिद्ध करायचं, ही ती पद्धत. 1 पासून n पर्यंतच्या बेरजांची सूत्रं मुलं तिने धडाधड सिद्ध करत होती. तरी ‘k साठी खरं धरू’ हे वाक्य त्यांच्या वहीत मंत्रासारखं येई. त्या धरण्याचा नेमका उपयोग कुठे होतो, हे विचारलं की वर्ग गप्प. म्हणून त्या दिवशी मी आकडेमोड नसलेला प्रश्न नेला. चार्ट पेपरवर 8×8 चा पट आखला होता आणि पुठ्ठ्याचे काटकोनी तुकडे कापून आणले होते. प्रत्येक तुकडा तीन घरांचा. 2×2 चौकोनातलं एक घर काढलं की जे उरतं, तो आकार. याला ट्रोमिनो म्हणतात. गणितज्ञ सॉलोमन गोलोम यांनी 1954 साली अशा आकारांवर लेख लिहिला आणि आमचा हा प्रश्नही त्यातलाच.

मी म्हटलं, “हे राजांगण समजा. एका घरात तुळशीवृंदावन आहे, तिथे लादी बसवायची नाही. बाकीची 63 घरं या तुकड्यांनी भरा. तुकडा कापायचा नाही, एकावर एक ठेवायचा नाही.”

तुळस कुठे ठेवायची, हे मी सांगितलंच नव्हतं. मुलांनी ती मधोमध ठेवली. घरी राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, जिथे असते तिथेच. 8×8 मध्ये मधलं असं एकच घर नसतं, चार असतात. त्यातलं चौथ्या ओळीतलं पाचवं घर त्यांनी निवडलं.

पहिल्या गटाने कडेपासून तुकडे लावत आणले. निम्मा पट छान भरला, मग तुळशीजवळ एक घर असं सुटलं की त्याच्या चारही बाजू भरलेल्या. असं एकटं घर दिसलं की पुढे लावण्यात अर्थ नसतो, मागे जाऊन तुकडे उचलावे लागतात. दुसऱ्या गटाच्या शेवटी तीन घरं उरली, पण सरळ एका रांगेत. एक मुलगा उठून म्हणाला, “टीचर, 63 ला 3 ने भाग जातो, 21 तुकडे लागतील. म्हणजे जमणारच.” तुकड्यांची संख्या त्याने बरोबर काढली होती. त्यांची जागा मात्र भागाकारातून कळत नाही. त्याचं वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

मग इंडक्शनकडे आलो. 2×2 चा पट, एक घर तुळशीचं, उरलेली तीन घरं म्हणजेच एक तुकडा. पाया तयार. आता 4×4 साठी जमतं असं धरून 8×8 ला हात घालायचा. मुलांनी पट मधून उभा-आडवा छेदला, चार 4×4 झाले. आणि इथे अडले. मुलांनी धरलेलं विधान होतं, “तुळस मधोमध असलेला पट भरता येतो.” छेदल्यावर तुळस गेली वरच्या उजव्या चौकोनात, आणि त्या चौकोनाच्या मध्यावर नाही, खालच्या डाव्या कोपऱ्यात. बाकीच्या तीन चौकोनांत तर तुळसच नाही. प्रत्येकात 16 घरं, आणि 16 ला 3 ने भाग जात नाही. म्हणजे जे खरं धरलं ते चारपैकी एकाही चौकोनाला लागू पडत नव्हतं. इतके दिवस बेरजांच्या गणितांत धरलेलं वाक्य आपोआप उपयोगी पडायचं. धरलेलं उपयोगी पडत नाही म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. मी मुद्दाम घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “टीचर, तुळस मधोमधच असते असं का धरायचं? कुठल्याही घरात असली तरी भरता येतं, असं धरलं तर?”

“पण ते तर जास्त सिद्ध करावं लागेल,” शेजारचा म्हणाला.

“धरायलाही जास्त मिळेल ना!”

याच उत्तरासाठी मी तुकडे कापले होते. सिद्ध करायचं विधान मोठं केलं की हातात धरायला मिळतं तेही मोठं होतं, आणि इंडक्शनमध्ये कधी कधी त्यामुळेच वाट मोकळी होते. तीच मुलगी पुढे आली. तिने एक तुकडा उचलला आणि पटाच्या अगदी मध्यावर, जिथे चारही चौकोनांचे कोपरे भेटतात, तिथे असा ठेवला की तुळस नसलेल्या तीन चौकोनांचं प्रत्येकी एकेक घर झाकलं गेलं. आता त्या तिघांतही भरायचं नाही असं एकेक घर आहे. चौथ्यात खरी तुळस आहेच. चारही चौकोन 4×4 चे, प्रत्येकाचं एक घर वगळलेलं, आणि ते ‘कुठलंही’ असलं तरी चालतं असं आपण धरलेलं आहे. सिद्धता संपली.

हे नुसतं पटून चालत नाही, हाताने भरून बघावं लागतं. म्हणून मी तुळस हलवली आणि तिसऱ्या ओळीत पाचव्या घरात ठेवली. मधला तुकडा बसला (4,4), (5,4), (5,5) या घरांवर. आधी ओळ, मग स्तंभ. मग वरचा उजवा 4×4 घेतला आणि त्याचे चार 2×2 केले. तुळस खालच्या डाव्यात, म्हणून त्याच्या मध्यावरचा तुकडा (2,6), (2,7), (3,7) वर. आता चारही 2×2 मध्ये तीन-तीनच घरं उरली, प्रत्येकी एक तुकडा. एका 4×4 ला 5 तुकडे, असे चार, अधिक पहिला मधला: 21. एकदाही तुकडा उचलून मागे यावं लागलं नाही.

तास संपत आला होता, पण फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य बाकी होतं. मी 5×5 चा पट काढला. एक घर वगळलं तर 24 उरतात, 3 ने भाग जातो, 8 तुकडे. तुळस पहिल्या ओळीच्या दुसऱ्या घरात ठेवली. तो भागाकारवाला मुलगाच भरायला बसला आणि जमेना. मग मी त्याला विषम ओळ आणि विषम स्तंभ जिथे मिळतात त्या घरांवर फुल्या मारायला लावल्या. नऊ फुल्या झाल्या. कोणत्याही दोन फुल्यांमध्ये निदान एक घर सुटतं, त्यामुळे एका तुकड्याखाली फार तर एकच फुली येते. आठ तुकडे, झाकल्या जातील जास्तीत जास्त आठ फुल्या. नववी तुळशीखाली असली तरच निभावतं. तुळस फुलीवर नसेल तर कितीही प्रयत्न करा, पट भरणार नाही.

“म्हणजे मध्यावर ठेवली तर जमेल?” त्याने विचारलं. 5×5 चं मधलं घर फुलीचं आहे. त्याने दोन-दोन तुकडे जोडून 2×3 चे चार आयत केले आणि ते मधल्या घराभोवती एक आडवा, एक उभा असे फिरवत लावले. पट भरला. कोपऱ्यातली चार आणि बाजूंच्या मध्यावरची चार फुल्यांची घरं मी घरी करायला दिली.