गोष्ट संपली आणि पोरगं टक्क जागं

काल शेजारच्या माळवदावर आजी नातवाला गोष्ट सांगत होत्या. डोळे मिटत आले होते. तेवढ्यात आजींनी आवाज चढवून विचारलं, "मग पुढं काय झालं, सांग बरं!" पोरगं उठूनच बसलं.

तो एक प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. दिवसाच्या गोष्टीत तो हवाच. निजवायच्या गोष्टीत मात्र पुढं काय होणार हे लेकराला आधीच ठाऊक असावं लागतं.

समजा, करडू गोठ्यात आईला शोधतंय. टुणुक टुणुक टुणुक टुणुक. "मोती कुत्र्या, निजलास का?" "निजतो रे बाळा, तूही नीज." मग कोंबडी, मग रवंथ करणारा बैल, शेवटी आई. अडीच-तीन वर्षांच्या लेकराला एवढे चार थांबे पुष्कळ. बोलणारे प्राणी बदलतात, "तूही नीज" तेच राहतं. त्यातला एक शब्द जरी बदलला तरी लेकरू चूक काढायला जागं होतं.

उतार आवाजात हवा. कुत्र्यापाशी चार टुणुक, कोंबडीपाशी तीन, बैलापाशी दोन, तेही लांबवून. आईपाशी एकच, जवळजवळ श्वासात. दुसऱ्या थांब्याला लेकरू सोबत म्हणतं, तिसऱ्याला नुसते ओठ हलतात. तेव्हा "म्हण ना" म्हणू नये. तिथंही ते खणखणीत म्हणत असेल, तर आपली लय घाईची आहे. एक फेरी आणखी घ्यावी, पण नवा प्राणी न आणता.

आणि "संपली गोष्ट" म्हणायचं नाही. शेवटचं "तूही नीज" म्हणून गप्प व्हायचं.

तुमच्याकडं निजवताना कोणतं पालुपद असतं?