चाळीस रुपयांचा कार्बन टाकला आणि चार दिवसांत मिक्सर परत आला

एप्रिलमधली गोष्ट. आमच्याकडं कोल्हापुरात एप्रिल म्हणजे कांदालसूण मसाल्याचा महिना, आणि माझ्यासारख्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचा सीझन. खोबरं तेल सोडतं, मसाला घट्ट होतो, लोक तसाच तीन नंबरवर फिरवत बसतात आणि मग संध्याकाळी दुकानाच्या फळीवर मिक्सरची रांग लागते.

खाणावळवाल्या मावशी आल्या, 750 वॅटचा मिक्सर घेऊन. "भाऊ, खालनं जाळ निघतोय बघ, आणि लय वास येतोय जळल्याचा." जाळ म्हणजे बुडाच्या जाळीतनं दिसणाऱ्या ठिणग्या. मी त्यांच्यासमोरच दोन सेकंद चालू करून बघितला, खरंच आत केशरी उजेड होता. पिन काढली, बूड खोललं, फिरत्या मोटरीला घासून करंट पोचवणारे दोन कार्बन बाहेर काढले तर दोन्ही जेमतेम पाच मिलिमीटर उरलेले. नवीन असतो तेव्हा साधारण अठराचा असतो. एवढा आखूड झाला की मागची स्प्रिंग दाबच देत नाही, कार्बन कम्युटेटरवर, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, नाचतो आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते. म्हटलं सापडला चोर.

मावशी जाता जाता बोलल्या होत्या, "दिवाळीत तर बदललेत की वो कार्बन." मी ते कानाआड केलं. खाणावळीचा मिक्सर आहे, रोज दोन तास चालतो, झिजणारच, असं मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं.

नवीन कार्बनची जोडी टाकली, कम्युटेटर झिरो नंबरच्या काचपेपरनं पुसला (एमरी वापरायचा नाही, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत बसून दोन पट्ट्या जोडू शकतात), रिकामाच चालवून बघितला. ठिणग्या बऱ्याच कमी झालेल्या. थोड्या होत्या, पण नवीन कार्बन चौकोनी तोंडाचा असतो, कम्युटेटर गोल, तो घासून बसेपर्यंत थोडं निळं दिसतंच, त्यामुळं तिकडंही दुर्लक्ष केलं. मिक्सर दिला.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी परत, यावेळी तोंडावर हसू नाही. "पैसे घेतलास आणि तसाच दिलास मला."

खोललं तर मलाच धक्का बसला. चार दिवसांचा कार्बन, अठराचा तेरावर आलेला! घरच्या मिक्सरला एवढं झिजायला वर्षं लागतात, खाणावळीलासुद्धा महिने लागायला पाहिजेत. आणि त्याचं तोंड गुळगुळीत चकचकीत नव्हतं, एका बाजूची कड कुरतडल्यासारखी तुटलेली. म्हणजे कार्बन नुसता झिजत नव्हता, त्याला कुणीतरी खात होतं. दिवाळीचे कार्बनही त्यानंच खाल्ले असणार. झिजलेला कार्बन कारण नव्हताच, तो परिणाम होता, आणि मी परिणाम बदलून पैसे घेतले होते.

मग आर्मेचर, म्हणजे मोटरीचा तो अख्खा फिरणारा भाग, बाहेर काढून खिडकीत उजेडाला धरलं, जे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. चांगला कम्युटेटर सगळीकडं सारखा, चॉकलेटी तपकिरी दिसतो. याचं बाकी सगळं ठीक, पण एका ठिकाणी शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा काळ्याकुट्ट आणि मधल्या फटीपाशी तांबं खड्डा पडल्यासारखं. पहिल्या दिवशी मी काचपेपर मारून हाच पुरावा अर्धा पुसून टाकला होता. सगळा कम्युटेटर सारखाच काळा असता तर मी दाब, स्प्रिंग, घाण असलं काहीतरी शोधलं असतं. एकाच जागी जळलंय म्हणजे त्या जागेच्या कॉइलमध्ये, तारेच्या वेढ्यांत, भानगड.

नाक लावून बघितलं. कार्बनच्या ठिणग्यांचा वास वेगळा, कोरडा असतो आणि मिक्सर थंड झाला की जातो. इथं थंड आर्मेचरलासुद्धा जळक्या वॉर्निशचा गोडसर, घशात बसणारा वास येत होता.

तरी नाकावर आर्मेचर बदलायला सांगायचं नाही, म्हणून मीटर घेतला, 200 ओहमवर लावला. दोन प्रोब एकमेकांना टेकवले की माझा मीटर 0.3 दाखवतो, तेवढा वजा करायचा. या आर्मेचरला 24 पट्ट्या, शेजारच्या दर दोन पट्ट्यांमध्ये एक कॉइल, आणि सगळ्या कॉइल एकापुढं एक गोलात जोडलेल्या. शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांवर प्रोब ठेवत एक फेरी मारली: 1.0, 1.0, 1.0, म्हणजे खरं 0.7. सगळीकडं तेच चाललेलं. काळ्या पट्ट्यांवर आलो आणि मीटरनं 16.4 दाखवलं. म्हणजे खरं 16.1, आणि हा आकडा उगीच आलेला नाही: त्या दोन पट्ट्यांमधली कॉइल तुटली की करंटला उलट्या बाजूनं, उरलेल्या 23 कॉइलमधनं फिरून यावं लागतं, आणि 23 गुणिले 0.7 बरोबर 16.1 येतात. मीटर पूर्ण ओपन दाखवत नाही म्हणून बरेच जण इथं फसतात, त्यांना वाटतं चालूच आहे की.

कार्बन त्या पट्ट्यांवरनं सरकला की तुटलेल्या जागेतनं आर्क ओढला जातो. मिक्सर एवढा जोरात फिरतो की ती एकाच जागची ठिणगी डोळ्याला गोल कडं दिसते. रिकामा चालवला तर करंट कमी, ठिणगी लहान. मसाला भरला की करंट वाढतो आणि कडं पेटतं. मी रिकामा चालवून पास केला होता, तिथंच घात झाला. आता मी जारमध्ये भिजवलेले हरभरे टाकूनच बघतो.

उलटं झालं असतं, म्हणजे कॉइलचे वेढे आतल्या आत शॉर्ट असते, तर आकडा 0.7 पेक्षा थोडा कमी आला असता आणि माझ्या साध्या मीटरला तो फरक कळलाच असता असं नाही. त्याला ग्राउलर नावाचं तपासायचं यंत्र लागतं, आर्मेचर त्यावर ठेवून वर करवतीचं पातं फिरवायचं, शॉर्ट असलेल्या खाचेवर पातं थरथरतं.

तुटलेली तार पट्टीच्या हुकापाशीच सुटलेली दिसत होती, डाग द्यायचा मोह झाला. पण तापला की शिसं वितळून त्या वेगाला भिरकावलं जातं, आणि शेजारचं वॉर्निश आधीच काळं पडलेलं. आर्मेचरच बदललं, सोबत परत नवीन कार्बन. कुरतडलेले जुने ठेवले असते तर नव्या कम्युटेटरवर नीट बसलेच नसते. चार दिवसांपूर्वी घेतलेले पैसे बिलातनं वजा केले, मावशींनी ते दोनदा मोजले.

एक गोष्ट राहिली होती. तार सुटली त्या बाजूला हिरवट गंज आणि हळदीचा थर होता. म्हटलं मावशी, ओल्या चटणीचा जार घेऊन या. आणला, अर्धा पाण्यानं भरला आणि पेपरवर ठेवला. दहा मिनिटांत पात्याच्या दांड्याभोवतीच्या बुशखाली पेपरवर रुपयाएवढा ओला गोल उमटला. "अगं बाई, म्हणजे चटणी मोटरीला पाजतोय होय मी," मावशी म्हणाल्या, आणि पात्याचा बुशसुद्धा बदलून घेतला.