आधी चिडलेलं गाणं

मंगळवार, रात्री पावणेबारा

संध्याकाळी फोनवर धाकट्या भावाशी वाजलं. विषय जुनाच. फोन ठेवला आणि सवयीने 'शांत' नावाची यादी लावली: बासरी, मागे पाण्याची खळखळ. दोन मिनिटांत मला त्या बासरीचाच राग यायला लागला. आपण धुमसत असताना कुणी "अगं, शांत हो ना" म्हटलं की जसं होतं, तसंच. बंद केली.

खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं. संगीतोपचारात 'आयसो प्रिन्सिपल' म्हणून एक जुनी कल्पना आहे. इरा आल्टशूलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने ती १९४०च्या दशकात मांडली. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथूनच संगीत सुरू करायचं आणि मग हळूहळू जिकडे न्यायचं तिकडे वळवायचं. चिडलेल्या माणसाला आधी चिडलेलं गाणं. ख्यालात विलंबिताकडून द्रुताकडे जातात, इथे उलटा प्रवास.

या कामासाठी मी गेल्या महिन्यात पाच गाण्यांची उतरंड केली होती, ती लावली. त्याआधी मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजली. चोवीस ठोके, म्हणजे मिनिटाला ९६. नुसती खुर्चीत बसलेली असताना!

गाण्यांची लयही अशीच काढली होती, पायाने ठेका धरून. पहिलं १३२चं, ढोलांचं, जवळजवळ भांडणारं. दुसरं ११६, मग १००, ८४, आणि शेवटचं ६८. दोन गाण्यांत साधारण सोळाचाच फरक ठेवला, कारण एकदम पन्नासने खाली आलं की पुन्हा ती बासरीच. शेवटच्या दोन्हींत शब्द नाहीत. शब्द असले की माझं डोकं त्यांना उत्तरं द्यायला लागतं. एकूण बावीस मिनिटं.

मोजणीत एकदा मी चांगलीच फसले होते. एका गाण्यावर पाय ६८ने हलत होता म्हणून ते शेवटी टाकलं, आणि दर वेळी तिथे येऊन पुन्हा अस्वस्थ व्हायला लागले. कारण सापडायला आठवडा गेला. पाय ६८ने हलत असला तरी झांजेची बारीक टिकटिक दुपटीत होती आणि माझी बोटं टेबलावर तिच्याबरोबर पळत होती. आता पायाबरोबर बोटांकडेही बघते.

आवाजाची पातळीही आधीच सारखी करून घेतली आहे. एक गाणं हळू आणि पुढचं दणक्यात सुरू झालं की दचकण्यात सगळी कमाई जाते. आणि शफल बंद. हे सांगायला नको, पण मी स्वतः विसरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

यादी संपली की दोन मिनिटं काहीच लावत नाही. हे मी एका अभ्यासातून उचललं. लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये चोवीस जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं. जलद लयीत श्वास आणि हृदयाचे ठोके वाढले. पण मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, तेव्हा ते सुरुवातीपेक्षाही खाली आले. म्हणजे काम गाणं करतं आणि पदरात पडतं ते गाणं थांबल्यावर. अर्थात नाडी काही ठेक्याला ठेका जुळवत नाही. ६८चं गाणं लावलं म्हणून नाडी ६८ होईल असं नाही. माझा आधी श्वास लांबतो, तोही तेव्हाच कळतो जेव्हा दात आवळलेले नाहीत हे लक्षात येतं.

रडून मोकळं व्हायचं असतं तेव्हा मात्र ही उतरंड चालत नाही. तेव्हा एकच उदास गाणं, फार तर दोनदा. मागे एकदा तेच चाळीस मिनिटं फिरवलं आणि उठले ती आणखी जड होऊन. तेव्हापासून एक खूण ठरवली आहे: गाणं संपल्यावर डोक्यात तेच वाक्य, त्याच शब्दांत फिरत असेल, तर ते मोकळं होणं नाही, उगाळणं आहे. बंद करायचं.

आज शेवटी पंधरा सेकंदांत एकोणीस, म्हणजे ७६. वाईट नाही. पण मधे एक गडबड झालीच. तिसरं गाणं लयीने अगदी योग्य जागी होतं, तरी ते लागताच घशाशी आलं. लहानपणी भाऊ ते अंघोळ करताना ओरडून म्हणायचा, दर वेळी एकच ओळ चुकवून. इतर कुणाबद्दल चिडले असते तर चाललं असतं. त्याच्यावर चिडलेली असताना ते गाणं मला उतरंडीवरून उचलून भलतीकडेच घेऊन गेलं. आठवणीपुढे आकडे चालत नाहीत.

उद्या तिसऱ्या जागी १००च्या आसपासचं दुसरं काही शोधायचं. पूर्वी न ऐकलेलं असेल तर उत्तम.