अकरावा दिवस आणि २१४ मेसेज

काल रामकुंडावर अण्णांची दशक्रिया झाली. कावळा शिवायला वेळ लागला नाही. घरी येऊन आई आडवी झाली आणि मी फोन हातात घेतला. न वाचलेले मेसेज २१४.

पहिले तीन दिवस मी प्रत्येकाला उत्तर देत होते. रात्री एक-एक वाजेपर्यंत. चूक मेसेजांच्या संख्येत नव्हती, माझ्या उत्तरात होती. कोणी लिहायचं, 'अचानक कसं काय झालं?' आणि मी पहाटे छातीत दुखण्यापासून रिक्षा मिळेपर्यंत सगळं टाइप करायचे. त्यावर पुढचा प्रश्न यायचा. म्हणजे ती पहाट मी दिवसातून वीसदा जगत होते. चौथ्या दिवशी मावशीने फोन काढून घेतला. 'कसं झालं' ला आता एकच ओळ, 'पहाटे हृदयविकाराचा झटका आला, फार त्रास झाला नाही'. पुढे प्रश्न आला तर नुसते हात जोडलेले टाकायचे. ते कुणाला उद्धट वाटत नाहीत, मीच उगाच घाबरत होते.

आज भावाने आणि मी मिळून एक मजकूर केला. माझ्या पहिल्या मसुद्यात 'वेळेअभावी प्रत्येकास उत्तर देणे शक्य नाही, क्षमस्व' असं होतं. भाऊ म्हणाला, 'ताई, हे सोसायटीच्या नोटिशीसारखं झालंय.' शेवटी 'असाच लोभ असू द्या, या कधीतरी' लिहिलं, तर मावशीने 'या' खोडायला लावलं. सुतकाच्या घरातून निघताना लोक 'येतो' म्हणत नाहीत, मग आपण 'या' कशाला लिहायचं? उरलं ते असं:

'नमस्कार. अण्णा गेल्यापासून तुम्ही आलात, फोन केलात, लिहिलंत. तुमचे मेसेज आम्ही आईला वाचून दाखवतो आहोत. प्रत्येकाला वेगळं लिहायचं बळ सध्या नाही, पण तुमचं लिहिणं पोहोचलं आहे.'

तिसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, मात्र ते खरं असायला हवं. म्हणून रोज संध्याकाळच्या चहानंतर दहा मेसेज आईला वाचून दाखवायचे, अकरावा नाही. तिला दहाच झेपतात. मलाही.

पाठवायला व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी केली. तिच्यात २५६ जण बसतात, त्यामुळे एकाच यादीत काम होईल असं वाटलं. पण यादीत घालायला समोरच्याचा नंबर आपल्याकडे सेव्ह हवा, आणि मेसेज पोहोचायला आपला नंबर त्याच्याकडे. भावाने दुपारभर बसून नंबर सेव्ह केले. पाठवल्यावर मेसेजची माहिती उघडून पाहिली, तर साठेक जणांना तो पोहोचलाच नव्हता. हे सगळे ओझरच्या कारखान्यातले अण्णांचे सोबती. माझा नंबर त्यांना निधनाच्या निरोपातून मिळाला होता, सेव्ह कोण कशाला करेल?

इथे भावाला शक्कल सुचली. अण्णांच्या फोनमध्ये ही सगळी मंडळी आहेत आणि त्यांच्याकडे अण्णांचा नंबर आहे, तर तिथूनच पाठवू. मीही हो म्हणाले. पंधरा मिनिटांत सटाण्याहून एका काकांचा फोन आला. बोलता येईना त्यांना. स्क्रीनवर अण्णांचा फोटो, शेजारी अण्णांचं नाव आणि खाली 'नमस्कार'. पुढचं त्यांनी वाचलंच नव्हतं. मी माफी मागितली, तर तेच म्हणाले, 'नाही गं, क्षणभर बरं वाटलं.' अण्णांचा फोन बंद करून कपाटात ठेवला. त्या साठ जणांनी मला लिहिलेलं होतंच, तिथेच उत्तर म्हणून तोच मजकूर भाऊ एकेक करून चिकटवतो आहे. वीस झाले, बाकीचे उद्या. घाई कसली आहे?

काही मेसेज मात्र मी या यादीतून बाजूला काढून स्टार केले आहेत. सात निघाले. ज्यांनी अण्णांबद्दल मला माहीत नसलेलं काही लिहिलं, तेवढेच. त्यांना स्वतः लिहायचं, पण महिन्याभरात, जमेल तसं.

आज एकच लिहिलं. अण्णांच्या पाळीतल्या एका काकांनी कळवलं होतं की रात्रपाळीला अण्णा डब्यात दोन भाकऱ्या जास्त आणायचे आणि 'बायकोने मोजताना चूक केली' असं सांगून नव्या पोरांना द्यायचे. आईला वाचून दाखवलं. ती उठून बसली. 'मी कधी चुकले मोजायला? रोज म्हणायचे, दोन जास्त टाक, भूक लागते.'

काकांना हेच जसंच्या तसं लिहून पाठवलं.