दोनशे रुपयांचा मुद्रांक

‘मुलानं आईला घराबाहेर काढलं’ अशी प्रकरणं माझ्याकडे अधूनमधून येतात. ही काकूंची गोष्ट तशी नाही. त्यांचा मुलगा गुणी होता आणि सूनही चांगली आहे.

काकू निवृत्त शिक्षिका. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या कमाईचा, इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांनी तो ४८ लाखांना विकायला काढला. विसार घेतला, तळमजल्यावरचं घरही हेरून ठेवलं. मग खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलानं कागद बघून व्यवहार थांबवला.

सहा वर्षांपूर्वी काकूंनी मुलाचं नाव घराला लावलं होतं. “मी गेल्यावर त्याला चकरा नकोत, म्हणून फक्त नाव जोडलं हो!” मी दस्त उघडला. नोंदणीकृत बक्षीसपत्र, अविभक्त अर्धा हिस्सा मुलाला. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, त्यामुळे एजंटही हाच रस्ता सुचवतात. पण मुलानं स्वीकारलेलं बक्षीस आईला मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. अर्धं घर त्या दिवशीच त्याचं झालं होतं.

आणि गेल्या वर्षी तो हृदयविकारानं गेला. वय एकेचाळीस. त्या वयात मृत्युपत्र कोण करतं?

मी कागदावर आकडे मांडले. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं त्याच्या अर्ध्याचे चार समान वाटे होतात: आई, बायको आणि दोन मुलं. म्हणजे चोवीस लाखांत प्रत्येकी सहा. अख्ख्या घराच्या मालकीण असलेल्या काकूंच्या वाट्याला आता तीस लाख येत होते.

सून म्हणाली, “माझे सहा आईंनाच. कुठं सही करू?”

तिच्या सहीचा प्रश्नच नव्हता. नातवंडं बारा आणि पंधरा वर्षांची. अज्ञान मुलांच्या वाट्याची स्थावर मिळकत विकायला आईलासुद्धा न्यायालयाची आधी परवानगी लागते, आणि यात मुलांचा फायदा काय, हे न्यायालय विचारणार. त्यांचे बारा लाख बहुधा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायला सांगतील.

काकूंनी सरळ मृत्युपत्र केलं असतं तर? दोन साक्षीदार, मुद्रांक शून्य, हवं तेव्हा बदलता येतं. त्या हयात असेपर्यंत घर पूर्ण त्यांचंच राहिलं असतं आणि आज त्यांची एकटीची सही पुरली असती. हे मी बोललो, आणि बोलायला नको होतं असंही वाटलं.

विसार परत करायचं ठरलं. परवानगीचा अर्ज मी लिहायला घेतला. मुलांचे पैसे नव्या घरात गुंतवायची मुभा मागू, पण मग तेवढ्या हिश्शाला त्यांची नावं लावावी लागतील, असं मी सांगितलं.

काकूंनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे पुन्हा नावं?”

“हो काकू.”

“मग बारा लाख बँकेतच राहू देत,” त्या म्हणाल्या. “माझ्या तिसात एक खोली कमी असलेलं बघा. तळमजला मात्र हवा.”