जुन्या पेन्शनचे बिल कोणाच्या काळात येते

«तुम्ही कोषागारात होतात, तर खरं सांगा : जुनी पेन्शन दिली तर राज्य खरंच दिवाळखोरीत जातं का, की सरकारला द्यायचीच नाही म्हणून ते तसं म्हणतात?»

आधी माझा हितसंबंध सांगून टाकतो. मी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 खाली निवृत्त झालेला माणूस आहे. माझ्या खात्यात दरमहा येणारी रक्कम बाजारावर अवलंबून नाही, आणि महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्या माझ्या सहकाऱ्यांना ती सोय मिळाली नाही. तेव्हा माझे उत्तर तराजूत टाकताना हेही बरोबर टाकावे.

उत्तर असे की राज्य लगेच दिवाळखोरीत जात नाही. उलट जुनी पेन्शन परत आणल्यावर पहिली काही वर्षे सरकारच्या हातात आजच्यापेक्षा जास्त रोकड राहते. खर्च नंतर येतो, आणि तो मोठा असतो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात एक लाख दहा हजार कोटी रुपयांच्या बोजाचा आकडा सांगण्यात आला होता. तो खरा की खोटा या वादात हा काळाचा मुद्दा हरवला, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे.

तो समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. शेवटचे मूळ वेतन 80,000 रुपये आणि महागाई भत्ता 50 टक्के, म्हणजे दरमहा 1,20,000 रुपये घेऊन निवृत्त होणारा एक कर्मचारी कल्पनेत आणा. जुन्या नियमांनुसार त्याचे निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या निम्मे, म्हणजे 40,000 रुपये, आणि त्यावर त्याच दराने महागाई वाढ 20,000 रुपये, असे एकूण 60,000 रुपये होते. यासाठी त्याने सेवेत असताना पेन्शनपोटी एक पैसाही भरलेला नसतो. भविष्य निर्वाह निधीत कापलेली रक्कम त्याची स्वतःची बचत असते, ती वेगळी मिळते.

आता हाच कर्मचारी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, असता तर काय झाले असते ते पाहू. आज त्याचे 10 टक्के आणि शासनाचे 14 टक्के, असे वेतन व महागाई भत्त्याच्या 24 टक्के दरमहा गुंतवले जातात. शासनाचा वाटा 2019 पूर्वी 10 टक्के होता, पण हिशेब सोपा राहावा म्हणून तीसही वर्षे 24 धरू. पगार ज्या वेगाने वाढतो त्याच वेगाने गुंतवणूक वाढली, असे मानले तर प्रत्येक वर्षाची वर्गणी निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या 24 टक्क्यांइतकी झालेली असते. तीस वर्षांची बेरीज 7.2 वर्षांचा पगार, म्हणजे सुमारे 1 कोटी 3 लाख रुपये. परतावा पगारवाढीपेक्षा एक टक्क्याने कमी पडला तर 7.2 ऐवजी सुमारे 6.2 वर्षांचा पगार जमतो, आणि एक टक्क्याने जास्त मिळाला तर 8.3 वर्षांहून थोडा अधिक. तीस वर्षांच्या सेवेत एका टक्क्याची किंमत एवढी असते.

निवृत्तीच्या वेळी त्यातले किमान 40 टक्के, म्हणजे सुमारे 41 लाख रुपये, विमा कंपनीकडे देऊन आजीवन वार्षिकी घ्यावी लागते आणि उरलेले 62 लाख एकरकमी मिळतात. साडेसहा टक्के दराने त्या 41 लाखांवर दरमहा साधारण 22,500 रुपये येतात. साठ हजारांशी याची तुलना करून मोर्च्यात फलक धरले जातात, पण ही तुलना पुरी नाही, कारण हातात आलेले 62 लाख त्यात धरलेले नसतात. सगळ्याच निधीची वार्षिकी घेतली तर दरमहा सुमारे 56,000 रुपये मिळतील. म्हणजे तीस वर्षे पूर्ण भरणाऱ्या माणसासाठी पहिल्या महिन्याचा आकडा दोन्ही योजनांत जवळजवळ सारखाच आहे.

फरक पुढच्या वर्षांत पडतो. साध्या वार्षिकीचे 56,000 रुपये वीस वर्षांनीही 56,000 रुपयेच राहतात. जुन्या पेन्शनचे 60,000 रुपये मात्र दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्यासोबत वाढतात आणि वेतन आयोग आला की मूळ पेन्शनच नव्याने ठरते. सातव्या वेतन आयोगात पूर्वीच्या निवृत्तांची मूळ पेन्शन 2.57 ने गुणली गेली, हे माझ्या पिढीला चांगले आठवत असेल. भाववाढ सहा टक्क्यांनी चालली तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात, आणि त्या बारा वर्षांत एनपीएसच्या निवृत्ताच्या रकमेची खरी किंमत निम्मी झालेली असते. बाजार पडण्याची, भाववाढीची आणि अपेक्षेपेक्षा जास्त जगण्याची जोखीम जुन्या योजनेत सरकारवर असते. एनपीएसमध्ये पहिल्या दोन कर्मचाऱ्यावर येतात आणि तिसरीही, एकरकमी घेतलेल्या पैशापुरती, त्याच्याकडेच राहते.

जे लोक दोन-तीन हजारांची पेन्शन दाखवतात, तेही खोटे बोलत नाहीत. ते उशिरा नोकरीत आलेले आहेत. बारा वर्षे, एकूण 20 टक्के दराने, याच हिशेबाने 2.4 वर्षांचा पगार जमतो, आणि त्याच्या 40 टक्क्यांवरची वार्षिकी शेवटच्या पगाराच्या सुमारे सहा टक्के भरते. पगार आपल्या उदाहरणातल्यापेक्षा कमी असेल तर ती काही हजारांवरच थांबते. वर्गणीची योजना अल्प सेवेला क्षमा करत नाही.

आता शासनाची बाजू. त्याच कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन देण्याचा खर्च किती? तो 58 व्या वर्षी निवृत्त होऊन 22 वर्षे जगला आणि त्यानंतर त्याच्या पत्नीला सहा वर्षे शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले, असे धरू. महागाई वाढ आणि शासनाचा कर्जाचा व्याजदर एकमेकांना साधारण खाऊन टाकतात असे मानले, तर 22 वर्षांचे निम्मे म्हणजे 11 आणि पत्नीचे 1.8, एकूण 12.8 वर्षांचा पगार. एनपीएसमध्ये शासनाचा वाटा 7.2 पैकी 4.2 वर्षांचा. म्हणजे तिप्पट. व्याजदर महागाईपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त धरला तरी दुपटीहून अधिकच राहते. रिझर्व्ह बँकेच्या बुलेटिनमध्ये सप्टेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सर्व राज्ये मिळून हा बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो आणि 2060 पर्यंत जादा खर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या 0.9 टक्के होऊ शकतो, असे म्हटले होते. माझा हिशेब पाटीवरचा आहे, त्यांचा सविस्तर आहे. दिशा मात्र एकच.

पण हे 12.8 वर्षांचे बिल येते कधी? 2006 मध्ये 26 व्या वर्षी लागलेला कर्मचारी 2038 मध्ये निवृत्त होईल. आज एखादे सरकार जुन्या पेन्शनकडे परतले तर त्या दिवसापासून 14 टक्क्यांची वर्गणी वाचते, आणि कर्मचाऱ्याचे 10 टक्केही बाहेरच्या निधी व्यवस्थापकाकडे न जाता भविष्य निर्वाह निधीच्या रूपाने राज्याच्या लोकलेख्यात जमा होतात, म्हणजे सरकारला वापरायला मिळतात. निर्णय घेणाऱ्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत अंदाजपत्रक हलके होते आणि आंदोलकही खूश होतात. राजस्थानने 2022 मध्ये हा मार्ग धरला आणि त्यानंतर एनपीएसमध्ये जमा झालेली रक्कम परत मागितली, तेव्हा केंद्राने कायद्यात तशी तरतूद नसल्याचे सांगितले. ज्यांच्या काळात पेन्शनचे धनादेश निघतील ते मंत्री आज कदाचित शाळेत असतील. म्हणून «दिवाळखोरी» हा शब्द मला फसवा वाटतो. दिवाळखोरी एका दिवशी दिसते; इथे मात्र दर वर्षी महसुलातला थोडा अधिक वाटा पगार, पेन्शन आणि व्याजात जात राहतो आणि उरलेल्यातून रस्ते, दवाखाने व नवी भरती भागवावी लागते.

याची दुसरी बाजूही खरी आहे. 2005 चा बदलही सरकारला लगेच परवडणारा नव्हता, कारण जुन्या निवृत्तांची पेन्शन आणि नव्यांची वर्गणी अशी दुहेरी रक्कम एकाच वेळी द्यावी लागली. या ताणात पहिली काही वर्षे, 2005 मध्ये नव्यांसाठी आणलेल्या परिभाषित अंशदान योजनेचा पैसा बाजारात गेलाच नाही, तो शासनाच्याच लेख्यात राहिला. राज्य एनपीएसमध्ये आले ते दहा वर्षांनी. काही कार्यालयांतून कपात वेळेवर जमा न होणे, शासनाचा वाटा मागे पडणे, वर्षानुवर्षे हिशेबाच्या चिठ्ठ्याच न मिळणे, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. वर्गणीच्या योजनेत उशिरा आलेला रुपया म्हणजे बुडालेले व्याज, आणि ते आपोआप भरून मिळत नाही. जुन्या पेन्शनच्या मागणीत या हिशेबाच्या गोंधळाचा राग बराच मोठा आहे, असे माझे मत आहे. एनपीएसमधल्या आपल्या प्रान खात्याचे विवरण काढून वेतनचिठ्ठीशी महिनावार जुळवा. वेतन व महागाई भत्त्याच्या 24 टक्क्यांपेक्षा, एप्रिल 2019 पूर्वीचा असेल तर 20 टक्क्यांपेक्षा, कमी जमा झालेला किंवा अजिबात न दिसणारा महिना सापडला, तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करण्यास निवृत्तीची वाट पाहू नका.

मार्च 2023 च्या संपानंतर नेमलेल्या समितीतून आणि पुढे केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेतून मधला मार्ग निघाला. केंद्राने 24 ऑगस्ट 2024 रोजी ती मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई वाढ, पत्नी किंवा पतीला त्या पेन्शनच्या 60 टक्के, आणि दहा वर्षांच्या सेवेला किमान 10,000 रुपये. केंद्राच्या योजनेत कर्मचाऱ्याचे 10 टक्के कायम राहतात आणि सरकारचे 18.5 टक्के होतात, त्यातले 8.5 टक्के सामाईक निधीत जातात. आपल्या उदाहरणात 28.5 टक्क्यांचे तीस वर्षांत 8.55 वर्षांचा पगार जमतो, आणि आश्वासन आहे तेच सुमारे 12.8 वर्षांचे, शिवाय निवृत्तीच्या वेळची अर्ध्या वर्षाच्या पगाराइतकी एकरकमी रक्कम वेगळी.

गुंतवणुकीचा परतावा पगारवाढीच्या आणि महागाईच्या चांगला वर राहिला, तर ही दरी बरीच भरते. तसे झाले नाही तर सरकारचा हिस्सा वाढवावा लागेल, म्हणजे जोखीम पुन्हा तिजोरीकडे येईल. यात काही चूक नाही, फक्त ती मोजून घ्यावी. केरळ, पंजाब, महाराष्ट्र, कोणतेही राज्य असो, अंदाजपत्रकासोबत पुढील तीस वर्षांच्या पेन्शन दायित्वाचा विमागणिती अंदाज छापला जावा, अशी माझी मागणी आहे. म्हणजे ज्याला जुनी हवी आहे त्यालाही आणि ज्याला नको आहे त्यालाही, 2038 साली काय द्यावे लागेल ते आजच वाचता येईल.